पायून म्हणजे पाऊण

नववीत सरळव्याज शिकवताना आमचे गणिताचे सर फळ्यावर आधी मोठ्या अक्षरात 'दर कशाचा? महिन्याचा की वर्षाचा?' एवढं लिहीत आणि मगच उदाहरण घालत. उत्तर बरोबर आलं तरी हे लिहिलं नसेल तर अर्धा गुण कापत. त्या अर्ध्या गुणावरून मी घरी जाऊन रडलोही आहे. पुढे पतसंस्थेत कारकून झालो आणि तोच प्रश्न रोज सभासदांना विचारत बसलो.

१९९४ साली वाचनालयातून प्राचीन व्यापारावरचं एक पुस्तक आणलं होतं. त्यात आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्याचा शिलालेख दिला होता. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने भिक्षुसंघाला ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, अक्षय नीवी दिली. नीवी म्हणजे कायम ठेव: मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज खायचं. पैसे ठेवले ते गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, २००० एकीकडे शेकडा एक दराने आणि १००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. लेखिकाबाईंनी दोन्ही दर 'दरमहा' म्हणून दिले होते. खाली मूळ पाठ होता, त्यात मला महिना कुठेच सापडला नाही.

बाईंना पहिलं पत्र लिहिलं ते चांगलं चार पानी. पुस्तक फार आवडलं, मी नाशिकचा, लेण्यांविषयी आणखी सांगा, असं सगळं त्यात होतं. उत्तर आलं नाही. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या पत्राला उत्तर तरी काय देणार? 'आणखी सांगा' हा काही प्रश्न नव्हे.

सहा महिन्यांनी दुसरं लिहिलं, एकाच कागदावर. वर पान क्रमांक आणि त्यांचं वाक्य उतरवलं. खाली माझा हिशेब मांडला. दर वर्षाचा धरला तर २००० वर व्याज येतं २०. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ द्यायचे, म्हणजे हवेत २४०. महिन्याचा धरला तर महिन्याला २०, वर्षाला बरोबर २४०. मग विचारलं, 'महिना या हिशेबावरूनच धरला आहे का, की दुसरा आधार आहे?' सोबत पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट घातलं.

तीन आठवड्यांत ते पाकीट परत आलं, आत दोन पानं. लेखात महिना नाही, तो अभ्यासकांनी धरलेला आहे, आणि तुम्ही मांडलेला मेळ हा त्याचा भक्कम आधार आहे. पुस्तकात तसं सांगायला हवं होतं, असं बाईंनी सरळ लिहिलं होतं. पाऊणसाठी लेखात 'पायून' वाचतात, तो आपला पाऊणच, हेही त्यांनीच कळवलं. शेवटी एक काम सांगितलं होतं: 'तुम्ही तिथेच राहता. ओसरीत जाऊन बघा, रक्कम अक्षरांत लिहून पुढे आकड्यांतही आहे ना?'

पुढच्या रविवारी पायऱ्या चढलो. मला ब्राह्मी येत नव्हती, पण बाईंनी ३००० चं चिन्ह काढून पाठवलं होतं. हजाराच्या खुणेलाच जादा रेघा जोडून तो आकडा होतो. तासभर मान वर करून बघत राहिलो. सापडलं. आमच्या संस्थेच्या चेकवर असते तशी रक्कम, अक्षरी आणि अंकी. वहीत जसं दिसलं तसं काढलं, जिथं दगड झिजलाय तिथं जागा मोकळी सोडली आणि वही बाईंना पाठवली. बाईंना पुढे सर्वांत आवडली ती ही मोकळी जागा. न दिसलेलं मनानं भरून पाठवणारे फार, असं त्यांनी लिहिलं.

तेव्हापासून पत्रं सुरू झाली. वर्षाला तीन-चार, कधी एकच. एकदा मी ऐटीत लिहिलं की पाऊण दर देणारी श्रेणी जास्त भरवशाची असणार, आमच्याकडेही जोखीम कमी तिथे व्याज कमी. बाईंनी त्याच पत्रावर लाल पेन्सिलीनं 'लेखात कुठे?' लिहून ते परत धाडलं. नववीतला अर्धा गुण आठवला.

२००८ च्या हिवाळ्यात त्या नाशिकला आल्या. वय झालेलं, दर पंधरा-वीस पायऱ्यांना थांबत वर आल्या. ओसरीत टेकल्यावर पर्समधून माझी ती पहिली वही काढली. उरलेल्या हजाराचं काय, म्हणाल्या. दरमहा शेकडा पाऊणने वर्षाला ९० होतात, ते 'कुसण' नावाच्या खर्चासाठी ठेवलेत. त्या शब्दाच्या अर्थावर एकमत नाही आणि माणशी किती तेही लेखात सांगितलेलं नाही.

'वीस जणांत वाटले तर साडेचार येतात,' मी म्हटलं.

'येतात. पण वीस जणांतच वाटायचे, हे कुणी सांगितलं?'

आम्ही दोघंही भिंतीकडे बघत बसलो. खाली महामार्गावर ट्रकांचे हॉर्न वाजत होते.