आमची वाटचाल : चौतीस ग्राहकांना लिहिलेले पत्र

जळगावात गोलाणी मार्केटमधील एका गाळ्यात २००९ साली आम्ही पगारपत्रके तयार करून देण्याचे काम सुरू केले, तेव्हा आमच्याकडे एमआयडीसीतील दोन डाळ मिल आणि एक चटई कारखाना एवढेच ग्राहक होते. पुढे चोपडा, अमळनेर, धुळे, शिरपूर येथील जिनिंग आणि पाइप कारखाने जोडले गेले आणि आज आम्ही सहा जण मिळून कामगारांची हजेरी, पगार, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयसी यांचे काम पाहतो. या वाटचालीबद्दल लिहायचे ठरवल्यावर मला सर्वाधिक जागा २०२४ च्या सप्टेंबर महिन्याला द्यावीशी वाटते. त्या महिन्यात आमच्या ताब्यातील माहिती बाहेर गेली आणि ती गोष्ट चौतीस ग्राहकांना लेखी कळवावी लागली.

१२ सप्टेंबरला, गणपतीच्या दिवसांत, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास चोपड्याच्या एका जिनिंगमालकांचा फोन आला. "भाऊ, तुम्ही बँक बदलली का? तुमच्या मेलवर नवीन खाते नंबर आला आहे, पण तो मेल इंग्रजीत आहे आणि तुम्ही तर आम्हाला नेहमी मराठीत लिहिता." आम्ही बँक बदललेली नव्हती. तो मेल मात्र खरोखर आमच्याच पत्त्यावरून गेला होता, आणि आमच्या पाठवलेल्या मेलच्या यादीत त्याचा मागमूस नव्हता.

शोध घेतल्यावर जे सापडले ते असे. २३ ऑगस्टला आमच्या एका सहकाऱ्याने भविष्य निर्वाह निधीच्या चलनाचा म्हणून आलेला दुवा उघडला. समोर मेलच्या लॉगिनसारखेच दिसणारे पान आले आणि त्यात त्यांनी पासवर्ड भरला. त्या खात्याला दुहेरी पडताळणी नव्हती. आमची तीन माणसे तेच एक खाते वापरत होती आणि ओटीपी एकाच्याच फोनवर येईल म्हणून ती सोय आम्ही सुरूच केली नव्हती. हा निर्णय माझा होता, त्या सहकाऱ्याचा नव्हे, आणि पत्रातही मी तो माझ्याच नावावर लिहिला. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, अनोळखी ठिकाणाहून त्या खात्यात लॉगिन झाले आणि दोन नियम बसवले गेले. पहिल्या नियमाने, जोडपत्र असलेला प्रत्येक मेल एका बाहेरच्या पत्त्यावर आपोआप पुढे जात होता. दुसऱ्या नियमाने, ज्या उत्तरात बँक किंवा खाते हा शब्द असेल ते थेट कचरापेटीत जात होते. त्यामुळे आणखी एका ग्राहकाने तीन दिवसांपूर्वी विचारलेली हीच शंका आम्हाला दिसलीच नव्हती.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आमचीही त्या दिवशी पहिली चूक तीच झाली. आम्ही घाईने पासवर्ड बदलला आणि निर्धास्त झालो. पासवर्ड बदलल्याने आधी बसवलेले नियम जात नाहीत. नियम काढणे, सर्व उपकरणांवरून लॉगआउट करणे, खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला फोन आणि दुसरा मेल पत्ता तपासणे आणि जुने ॲप-पासवर्ड रद्द करणे एवढे झाल्यावरच ते दार बंद होते. पासवर्ड बदलल्यानंतरही सुमारे दोन तास आमचे मेल बाहेर जात राहिले. हे दोन तासही पत्रात लिहिले.

त्याच संध्याकाळी मी पत्राचा पहिला मसुदा लिहिला. "काही तांत्रिक अडचणीमुळे आमच्या मेलसेवेवर परिणाम झाला असून आपली माहिती सुरक्षित आहे" असे त्यात होते. शेवटी "सर्व पगारपत्रकांना पासवर्ड असतो" असेही एक वाक्य होते. आमच्या हिशेबनीस ताईंनी ते वाचले आणि विचारले, "दादा, पासवर्ड आपण कशाने पाठवतो?" आम्ही पत्रक एका मेलने पाठवत होतो आणि त्याचा पासवर्ड लगेच दुसऱ्या मेलने, त्याच खात्यातून. दोन्ही मेल त्याच पेटीत होते. म्हणजे ते वाक्य अक्षरशः खरे होते आणि वाचणाऱ्याची दिशाभूल करणारे होते. मसुदा फाडला आणि नवीन लिहायला बसलो.

नव्या पत्रात सर्वाधिक वेळ एका प्रश्नावर गेला : नेमके किती गेले? पहिल्या नियमाने बाहेर पाठवलेल्या मेलची यादी आम्हाला सेवा देणाऱ्याकडील नोंदींतून काढता आली. असे १४३ मेल होते, त्यात अकरा ग्राहकांची पगारपत्रके होती आणि त्यांत ६१२ कामगारांची नावे, बँक खाते क्रमांक, आयएफएससी, यूएएन आणि पगाराची रक्कम होती. एवढे निश्चित गेले. पण त्या पेटीत मागील तीन वर्षांचे मेल पडून होते, सर्व चौतीस ग्राहकांचे, आणि जुन्या रुजू-अर्जांसोबत ८७ कामगारांच्या आधार कार्डांच्या प्रतीही होत्या. बाहेरच्याने ही पेटी ब्राउझरमध्ये न उघडता मेल उतरवून घेणाऱ्या प्रोग्रॅमने जोडली होती. असा प्रोग्रॅम जोडला की संपूर्ण पेटीची प्रत त्याच्या संगणकावर उतरू शकते, आणि आमच्याकडील नोंद लॉगिन केव्हा झाले एवढेच सांगते, कोणता मेल उघडला हे सांगत नाही.

"माहिती पाहिली गेल्याचा पुरावा आढळला नाही" हे वाक्य अशा पत्रांत सर्रास दिसते. आमच्याकडे तसा पुरावा ठेवणारी नोंदच नव्हती, मग पुरावा आढळणार कुठून? म्हणून आम्ही असे लिहिले : "या पेटीतील उर्वरित मेल उघडले गेले किंवा नाही हे आमच्या नोंदींवरून ठरवता येत नाही, त्यामुळे ते सर्व बाहेर गेले आहेत असे धरून आपण काळजी घ्यावी, अशी विनंती आहे." अकरा ग्राहकांना निश्चित गेलेल्या माहितीचे पत्र आणि तेवीस ग्राहकांना गृहीत धरलेल्या माहितीचे पत्र, अशी दोन वेगळी पत्रे केली. प्रत्येकासोबत त्यांच्याच कामगारांची यादी आणि त्या-त्या नावापुढे कोणता तपशील होता हे जोडले. कारखानदाराला एकूण आकड्याचा उपयोग नसतो. आपल्या कोणत्या माणसाला सावध करायचे हे त्याला कळायला हवे.

पत्र पाठवायचे कसे, हाही प्रश्न होता. ज्या पत्त्यावरून खोटा मेल गेला, त्याच पत्त्यावरून खुलासा पाठवला तर त्यावर कोणी का विश्वास ठेवावा? म्हणून १३ सप्टेंबरला सकाळपासून आम्ही तिघांनी सर्वांना जुन्या, ओळखीच्या क्रमांकांवर फोन केले आणि पहिले वाक्य एकच ठेवले : आमचे बँक खाते बदललेले नाही, नव्या खात्यात पैसे भरू नका. पुढच्या तीन दिवसांत लेटरहेडवरील सहीचे पत्र हातोहात पोहोचवले. शिरपूर आणि धुळ्याला मी स्वतः गेलो. धुळ्याच्या एका ग्राहकाने १० तारखेलाच आमच्या वार्षिक शुल्काचे ३८,४०० रुपये त्या खोट्या खात्यात भरले होते. आम्ही त्यांच्यासोबत बसून सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यातील १२,००० रुपये बँकेला रोखून धरता आले, बाकीचे पुढे काढले गेले होते. ते शुल्क त्यांच्याकडून पूर्ण मिळाल्याचे आम्ही धरले आणि तशी पावती त्यांना तिथेच लिहून दिली.

शासनाला कळवण्यात मात्र आम्ही चुकलो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. पूर्ण माहिती हाती आल्यावरच कळवायचे असते असा माझा समज होता. आमचा अहवाल दुसऱ्या दिवशी गेला. सहा तासांत जे ठाऊक असेल तेवढेच कळवावे आणि उरलेले मागाहून द्यावे, हे आता आमच्या भिंतीवरील कागदावर पत्त्यासह लिहिलेले आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यांत ज्याची माहिती गेली त्या व्यक्तीला विनाविलंब कळवण्याची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर, म्हणजे आमच्या बाबतीत कारखानदारावर आहे. आमच्यासारख्या प्रक्रिया करून देणाऱ्याने उशीर केला, तर त्याची झळ ग्राहकाला बसते.

कामगारांसाठी आम्ही एक पानाचे वेगळे पत्रक केले, कारण मालकांना लिहिलेले पत्र तिथपर्यंत पोहोचत नाही. अमळनेरच्या मिलमध्ये ते वाचून दाखवताना एका हमालबाबांनी विचारले, "भाऊ, मन्हा पैसा गयात का?" त्यांना सांगितले की केवळ खाते क्रमांक कळल्याने कोणी पैसे काढू शकत नाही. पण कोणी फोन करून तुमचे नाव, मिलचे नाव, मागच्या महिन्याचा पगार आणि खाते क्रमांक अचूक सांगेल, तेव्हा तो माणूस बँकेचाच वाटेल, आणि मग तो ओटीपी मागेल. धोका तिथे आहे. ज्यांच्या आधारच्या प्रती पेटीत होत्या, त्या ८७ जणांपैकी ज्यांनी इच्छा दाखवली त्यांचे बायोमेट्रिक आधारच्या संकेतस्थळावरून लॉक करून देण्यासाठी आमची दोन माणसे मिलच्या कार्यालयात बसली. ज्यांचा मोबाइल आधारला जोडलेला नव्हता, त्यांचे ते काम तिथे होऊ शकले नाही आणि त्यांना आधार केंद्रावर पाठवावे लागले.

आठवड्याने दुसरे पत्र पाठवले, कारण पहिल्या पत्रातील आकडा चुकला होता. चाळीसगावच्या एका ग्राहकाने फर्मचे नाव बदलले होते आणि त्यांची पत्रके जुन्या नावाने जात असल्यामुळे ती मोजणीतून सुटली होती. अकराचे बारा झाले आणि ६१२ चे ६५१. त्यांची क्षमा मागून ती दुरुस्ती आम्ही चौतीसही जणांना कळवली.

कामाच्या पद्धतीत बदल झाले ते असे. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र आहे आणि दुहेरी पडताळणीशिवाय एकही खाते चालत नाही. पगारपत्रक आता मेलला जोडले जात नाही. ग्राहकाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवले जाते आणि तीस दिवसांनी तेथून काढले जाते. आधारच्या जुन्या प्रती नष्ट केल्या, आणि नवीन हव्या असतील तेव्हा शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत घेतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ताई सर्व खात्यांतील मेल पुढे पाठवण्याचे नियम उघडून पाहतात आणि वहीत सही करतात. कोणाचेही बँक खाते, मग ते आमचे असो, ग्राहकाचे असो की कामगाराचे, केवळ मेलवरून बदलले जात नाही. आधीपासून नोंदलेल्या क्रमांकावर फोन करून विचारले जाते.

त्या वर्षअखेरीस तीन ग्राहकांनी काम काढून घेतले. तिघांचीही सर्व माहिती त्यांच्या हवाली केली, आमच्याकडील प्रती पुसल्याचे लेखी दिले, आणि कायद्याने जपावयाच्या कोणत्या नोंदी किती काळ आमच्याकडे राहतील, तेही त्याच पत्रात नमूद केले.