'१ सीझन' एवढंच बघून सिरीज लावली आणि फसलो

ऑफिसला चार दिवस सुट्टी होती, म्हटलं अशी सिरीज लावू जी सुट्टीतच संपेल. अॅपवर '१ सीझन, ८ एपिसोड' दिसलं, नाव '१८९९'. बायको म्हणाली, "अहो, आधी बघा तरी, संपते का ती?" म्हटलं एकच सीझन आहे, संपणारच ना! तीन रात्री जागून काढल्या. आठव्या एपिसोडच्या शेवटच्या मिनिटांत अख्खी गोष्टच उलटली, आता खरं काय ते कळणार म्हणून मी सावरून बसलो आणि नावं वर सरकायला लागली. रात्री दीड वाजता फोनवर शोधलं तर कळलं की नोव्हेंबर २०२२ ला आली आणि जानेवारी २०२३ मध्ये रद्द पण झाली, पुढचे सीझन डोक्यात असूनही. म्हणजे ही चालू राहणारी सिरीज होती, मधेच बंद पडलेली. बायको काही बोलली नाही, फक्त लाईट बंद केला.

मला राग कशाचा आला सांगू? पाच एपिसोडांत गोष्ट पूर्ण संपवणाऱ्या 'चेर्नोबिल'खाली पण 'एक सीझन'च लिहिलेलं असतं! तो आकडा फक्त किती बनलंय ते सांगतो, संपलंय की नाही ते नाही. त्यामुळे आता मी नावापुढे 'लिमिटेड सिरीज' किंवा 'मिनीसिरीज', म्हणजे ठरलेल्या एपिसोडांतच गोष्ट संपवणारी, असं लिहिलंय का बघतो. (दोन्ही जवळपास एकच, टीव्हीचे एमी पुरस्कार देणाऱ्यांनी पण २०१५ मध्ये मिनीसिरीजचं नाव बदलून लिमिटेड केलं.) नसेल लिहिलं तर सिरीजचं नाव टाकून रद्द झाली का, पुढचा सीझन येतोय का एवढं शोधतो. फक्त मथळे वाचायचे, आत शिरलात की शेवट कळलाच म्हणून समजा.

पण लिमिटेड शब्दावर पण डोळे मिटून विश्वास नको. 'बिग लिटल लाइज'ने २०१७ ला लिमिटेड सिरीजची एमी घेतली आणि २०१९ ला दुसरा सीझन आणला. तरी तिथे त्रास नाही, पहिल्या सात एपिसोडांत मुख्य गोष्ट मिटते, तिथेच थांबलात तरी चालतं.

हां, एक राहिलंच, जास्त सीझन बघून घाबरू पण नका. 'ट्रू डिटेक्टिव्ह'चे चार सीझन बघून मी बरेच दिवस हात लावला नव्हता, आणि ती निघाली अँथॉलॉजी, दर सीझनला नवी केस, नवी माणसं. पहिल्याचे आठ एपिसोड बघितले, विषय संपला. 'ब्लॅक मिरर'मध्ये तर एपिसोडागणिक गोष्ट वेगळी, जेवताना एक लावायचा.

आता बायकोने चालू राहणारी एक लावलीय, तिसरा सीझन. मी आपला बाजूला बसून विचारतो, "संपते का गं ती?"