समुद्राचं पाणी आटवताना: संयुग कोणतं, मिश्रण कोणतं

मागच्या नोंदीत तुरटीचे स्फटिक वाढवण्याचं काम कुठवर आलं ते लिहिलं होतं. ते सध्या कपाटात शांतपणे वाढत आहेत. मधल्या काळात टेबलावर दुसरंच काम येऊन बसलं आणि ते इतकं रंगलं की त्याची वेगळी नोंद करतो आहे.

आठवीतल्या भाचीला मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण हा धडा होता. व्याख्या तिला पाठ होत्या. मूलद्रव्यात एकाच प्रकारचे अणू, संयुगात दोन किंवा अधिक मूलद्रव्यं ठरलेल्या वजनी प्रमाणात, मिश्रणात प्रमाण कसंही. उदाहरणंही ठरलेली: मीठ आणि साखर ही संयुगं, समुद्राचं पाणी हे मिश्रण. मी तिला सहज सांगितलं की मिठात वजनाने ३९.३ टक्के सोडियम आणि ६०.७ टक्के क्लोरीन असतं, मग ते मीठ उरणच्या मिठागरातलं असो की कच्छच्या रणातलं. आणि पुढे हेही सांगितलं की समुद्रातल्या क्षारांचं आपापसातलं प्रमाणही जगभर जवळपास तेच असतं. ती लगेच म्हणाली, "मग मामा, समुद्रातले क्षार पण संयुगच झाले की. त्यांचं प्रमाण ठरलेलं आहे ना?"

प्रश्न बिनतोड आहे. 'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केलं. त्यातल्या ७७ नमुन्यांचं पृथक्करण विल्यम डिटमार यांनी केलं आणि १८८४ साली निष्कर्ष छापले. पाणी कमी खारट असो की जास्त, त्यातल्या क्लोराइड, सोडियम, मॅग्नेशियम आणि सल्फेट यांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास अचल निघालं. म्हणजे नुसतं प्रमाण मोजून संयुग ओळखायला गेलं तर समुद्र फसवतो. समुद्रातलं हे प्रमाण टिकून आहे ते पाणी युगानुयुगं घुसळलं जातं म्हणून, अणू एकमेकांना बांधलेले आहेत म्हणून नाही. हा फरक मोजून दिसत नाही. तो बघायचा तर प्रमाण बदलायचा प्रयत्न करावा लागतो. बदललं तर मिश्रण. नाहीच बदललं, आणि बळजबरी केल्यावर पदार्थच नाहीसा झाला, तर संयुग. भाचीसोबतचं पुढचं सगळं काम या एका कसोटीवर चाललं.

पाणी गुहागरच्या किनाऱ्यावरून आणलं. खाडीच्या तोंडापासून लांब, भरतीच्या वेळी आणि पाऊस नसताना घेतलेलं पाणी चांगलं, नाहीतर नदीच्या गोड्या पाण्याने ते पातळ झालेलं असतं. फडक्यातून आणि नंतर गाळण कागदातून गाळलं, कारण बारीक माती राहिली तर पुढे साका कशाचा आहे तेच कळत नाही. एक लिटर पाण्याचं वजन १०२५ ग्रॅमच्या आसपास भरतं आणि त्यात क्षार साधारण ३५-३६ ग्रॅम असतात. काचेच्या पसरट भांड्यात ओतून, वर जाळी टाकून उन्हात ठेवलं. गॅसवर उकळलं तर काम लवकर होतं, पण क्षार एकमेकांवर चढत बाहेर येतात आणि वेगळे ओळखता येत नाहीत. ॲल्युमिनियमचं किंवा लोखंडी भांडं तर अजिबात नको.

पाणी निम्मं होईपर्यंत तळाशी एक पुसटसा धुरकट थर येतो. तो कॅल्शियम कार्बोनेटचा, वजन करण्याइतकाही नसतो. खरी मजा पाणी पाचव्या हिश्श्यावर, म्हणजे २०० मिलिलिटरच्या आसपास आलं की सुरू होते. भिंगाखाली बारीक सुया दिसू लागतात. हे जिप्सम, म्हणजे पाण्याचे रेणू धरून बसलेलं कॅल्शियम सल्फेट. चव घ्यायची नाही हे भाचीला सुरुवातीलाच बजावलं होतं, किनाऱ्याच्या पाण्यात काय काय असतं ते सांगता येत नाही. तिने सुयांचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, "मीठ अजून आलंच नाही." हे वाक्य मला फार आवडलं. समुद्राच्या पाण्यात सर्वांत जास्त क्षार मिठाचाच, तरी तो आधी येत नाही. कारण १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम मीठ विरघळू शकतं, जिप्सम मात्र पाव ग्रॅमसुद्धा धड नाही. कोण आधी बाहेर पडणार हे किती आहे यावर एकट्याने ठरत नाही, पाणी त्याला किती सामावून घेतं यावरही ठरतं.

पाणी १०० मिलिलिटरच्या आसपास आलं तेव्हा वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात अलगद निथळून घेतलं. जिप्सम मागे राहिलं, वाळवल्यावर दीड ग्रॅमच्या आत. निथळलेल्या पाण्यावर पुढच्या उन्हात मिठाचे चौकोनी कण तरंगायला लागले. शांत पाण्यावर ते आधी पृष्ठभागावरच धरतात आणि कडांनी वाढत जातात, म्हणून मधून पोकळ, पायऱ्या पायऱ्यांच्या उलट्या पिरॅमिडसारखे दिसतात. हलकासा धक्का लागला की बुडतात. ४० मिलिलिटर पाणी उरेपर्यंत साधारण २१ ग्रॅम मीठ जमलं.

इथे थांबायचं. पुढे आटवत गेलं तर मीठ येत राहतं, पण त्याला मॅग्नेशियमचे क्षार जास्त जास्त चिकटतात. उरलेलं पाणी जाडसर आणि तेलकट वाटतं. मिठागरांत मीठ ओढून घेतल्यावर मागे राहतं ते हेच कडू पाणी. बालार यांना १८२६ साली माँपेल्येजवळच्या मिठागरातल्या अशाच उरलेल्या पाण्यात ब्रोमीन हे नवं मूलद्रव्य सापडलं.

आता कसोटी. जमलेलं मीठ आधी धुवायचं, पण साध्या पाण्याने नाही, नाहीतर मीठच वाहून जाईल. शुद्ध मिठाचं संपृक्त द्रावण करून त्याने धुवायचं. ते आणखी मीठ विरघळवू शकत नाही, फक्त कणांना चिकटलेलं कडू पाणी नेतं. मग दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत हे धुतलेलं मीठ पाण्यात विरघळवलेलं, दुसरीत कडू पाण्याचे काही थेंब तेवढ्याच पाण्यात. दोन्हींत धुण्याच्या सोड्याचं द्रावण टाकलं. दुसरीत लगेच पांढरा, दाट साका आला, मॅग्नेशियम कार्बोनेटचा. पहिली जवळजवळ नितळ राहिली. न धुतलेल्या मिठाची तिसरी नळी जरूर करा. ती गढूळ होते आणि धुण्याने नेमकं काय गेलं ते डोळ्यांना दिसतं.

म्हणजे समुद्रात एकत्र, अचल प्रमाणात नांदणारे सोडियम आणि मॅग्नेशियम नुसत्या उन्हाने वेगळे झाले. मिठात मॅग्नेशियम नावापुरतं उरलं, कडू पाण्यात ते दाटलं. प्रमाण बदललं. याउलट मिठातलं सोडियम आणि क्लोरीन यांचं प्रमाण मात्र पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत तेच. भाचीला तिच्या प्रश्नाचं उत्तर या दोन नळ्यांनी दिलं.

आपल्यातल्या जाणत्यांसाठी एक बारकावा. समुद्रात 'मीठ' तयार स्थितीत नसतंच. तिथे सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम, सल्फेट यांचे आयन सुटे सुटे फिरतात आणि कुठल्या सोडियमने कुठल्या क्लोराइडशेजारी बसायचं हे पाणी आटताना ठरतं. आठवीच्या मुलीला हे एवढंच सांगितलं की पाण्यात सगळे सुटे असतात, आटताना जोड्या लावून बसतात. तिला ते पटलं.

खडे मीठ तव्यावर तापवलं तर तडतडतं. दृष्ट काढताना मीठ-मोहरी विस्तवात टाकल्यावर जो आवाज होतो त्यात मिठाचाही वाटा असतो. स्फटिक वाढताना त्याच्या पोटात खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकतात, ते तापले की वाफ होऊन स्फटिक फोडतात. म्हणजे खड्याच्या आतही थोडं मिश्रण शिल्लक असतं. पिशवीतलं बारीक मीठही काटेकोरपणे बघितलं तर मिश्रणच, त्यात आयोडीनसाठी पोटॅशियम आयोडेट आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून आणखी काहीतरी घातलेलं असतं. पुस्तकात 'मीठ' म्हणतात ते NaCl, आणि ते ८०१ अंश सेल्सिअसला वितळेपर्यंत तव्यावर ढिम्म राहतं.

साखर मात्र तशी राहत नाही, म्हणून ती हवी. आधी साखरेचं पाणी करून पसरट बशीत हळूहळू सुकवलं. साखर परत मिळाली. सुरुवातीला ती चिकट पाकासारखी राहते, तेव्हा दोन-चार दाणे टाकले की स्फटिक धरतात. साखरपाणी हे मिश्रण, घटक जसेच्या तसे परत. मग कोरड्या परीक्षानळीत दोन ग्रॅम साखर घेऊन नळी आडवी, तोंड किंचित खाली धरून तापवली. खिडक्या उघड्या हव्यात, धूर झोंबतो. साखर वितळली, तांबूस झाली, काळी पडली आणि नळीच्या थंड भागावर थेंब जमले. ते थेंब पाण्याचे आहेत हे दाखवायला मोरचूद आधीच तापवून पांढरं करून ठेवलं होतं. थेंब लागताच ते निळं झालं. मोरचूद विषारी आहे, ते हाताळायचं काम मोठ्यांनीच करावं.

साखरेचं सूत्र C₁₂H₂₂O₁₁. हिशेब भाचीनेच मांडला: ३४२ भागांपैकी कार्बन १४४, म्हणजे ४२ टक्के. बाकीचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन बरोबर पाण्याच्या प्रमाणात. दोन ग्रॅममधून जास्तीत जास्त ०.८४ ग्रॅम कोळसा मिळू शकतो. नळीत त्यापेक्षा कमीच उरला, कारण धुरातून बराच कार्बन निघून जातो. नळीतला काळा ढेप बराचसा कार्बन हे मूलद्रव्य आहे. त्याला कितीही तापवलं तरी त्याचे आणखी साधे घटक पडत नाहीत. आणि तो कोळसा आणि ते पाणी एकत्र ढवळून साखर परत येत नाही. प्रमाण बदलायला गेलो आणि साखरच संपली.

मिठाच्या बाबतीत तेवढी बळजबरी चुलीने होत नाही, वीज लागते. पुढच्या खेपेला ९ व्होल्टची बॅटरी आणि पेन्सिलीतली दोन शिसं मिठाच्या पाण्यात घालणार आहे. ऋण टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे येतील आणि तिथलं पाणी अल्कधर्मी झाल्याने हळदीचा कागद लाल होईल. धन टोकाशी क्लोरीन येईल, म्हणून प्रयोग उघड्या गच्चीवर आणि एखाद-दोन मिनिटंच. सोडियम धातू दिसणार नाही हे भाचीला आधीच सांगून ठेवलं आहे, कारण पाणी असेतोवर त्याच्याऐवजी हायड्रोजनच सुटतो. डेव्ही यांनी १८०७ साली सोडियम मिळवलं ते वितळवलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडून. तोवर उरलेलं कडू पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवलं आहे. त्यातलं मॅग्नेशियम चुन्याच्या निवळीने वेगळं काढता येतं का हेही बघायचं आहे. कुणी केलं असेल तर साका गाळायला किती वेळ लागला ते कळवा, तो फार चिकट असतो असं ऐकलं आहे.