भाडे तेच, मुदत मोठी

*“दर अकरा महिन्यांनी मालक दहा टक्के वाढ मागतात. आम्हाला घर सोडायचं नाही, पण भाडंही परवडेनासं झालंय. ‘आम्ही जास्त दिवस राहतो, तुम्ही भाडं वाढवू नका’ असं पत्र लिहिलं तर चालेल का? आणि त्यात नेमकं काय लिहायचं?”*

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. नाशिकमध्ये भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणी करून देणे हे माझे काम आहे आणि एप्रिल-मे आला की हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. असे पत्र जरूर लिहावे. मात्र ते अर्जासारखे लिहू नये. परवडत नाही हे कारण खरे असले, तरी ते तुमच्या बाजूचे कारण आहे, आणि मालकाला निर्णय घ्यायचा असतो तो त्याच्या बाजूच्या हिशेबावर. तुमच्याकडे देण्यासारखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे घर रिकामे पडणार नाही याची हमी. त्या हमीची किंमत मालकाच्या वहीत किती भरते, हे आधी तुम्ही काढले पाहिजे.

गेल्या वर्षी पाथर्डी फाट्याजवळच्या एका दोन बेडरूमच्या फ्लॅटचे असे पत्र मी जवळून पाहिले, म्हणून त्याच उदाहरणावर बोलतो. नवरा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, मुलगी आठवीत, भाडे 14,000 रुपये, अनामत रक्कम 40,000 आणि करार मेअखेरीस संपणारा. मालक निवृत्त गृहस्थ, स्वतः इंदिरानगरला राहणारे. त्यांनी पुढच्या अकरा महिन्यांसाठी 15,400 मागितले होते. या जोडप्याने सर्वांत आधी त्याच सोसायटीत नुकतीच भाड्याने गेलेली घरे विचारून घेतली. एक 14,500 ला गेले होते आणि दुसरे 15,000 ला. म्हणजे मालकाचे खरे नुकसान महिन्याला 1,400 नव्हते, तर सरासरीने 750 च्या आसपास होते. दोन वर्षांचे धरले तर साधारण 18,000 रुपये.

आता दुसरी बाजू. घर महिनाभर रिकामे राहिले तर 14,000 गेले, सोसायटीचा मेंटेनन्स 1,200 मालकाच्या खिशातून गेला आणि रंगकामाला त्या भागात त्यांना 18,000 सांगितले गेले. रंग कधी ना कधी द्यावाच लागतो, म्हणून तो खर्च निम्माच धरावा, असे मी त्यांना सुचवले. तरीही बेरीज 24,200 होते, आणि दलालाने मालकाकडूनही पैसे घेतले तर ते वेगळे. हिशेब मालकाच्या बाजूने थोडाच झुकतो, आणि तो तसाच थोडा झुकलेला दाखवावा. फुगवलेला आकडा निवृत्त माणसाच्या लगेच लक्षात येतो आणि मग पत्रातल्या बाकीच्या खऱ्या गोष्टीही संशयास्पद वाटू लागतात. तुमचे भाडे आजच बाजारभावापेक्षा दोन-तीन हजारांनी कमी असेल, तर हा हिशेब उलटा फिरतो. तेव्हा भाडे गोठवण्याची मागणी न करता वाढ कमी करण्याविषयी बोलावे, हेच न्याय्य.

पत्र करार संपण्याच्या दोन महिने आधी पोचावे. शेवटच्या महिन्यात मालक दलालांशी बोलू लागलेले असतात आणि शाळा-कॉलेजे सुरू होण्याच्या सुमारास नवे भाडेकरू सहज मिळतात, त्यामुळे तुमच्या हमीची किंमत तेव्हा कमी होते. त्या जोडप्याने मार्चअखेरीस दिलेले पत्र त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असा तपशील वगळून देतो.

> आदरणीय काका,
>
> सा. न. वि. वि.
>
> आपल्या फ्लॅटचा करार मेअखेरीस संपत आहे. आपण पुढील करारासाठी 15,400 रुपये भाडे सुचवले आहे, त्याविषयी हे पत्र लिहीत आहोत.
>
> आमची मुलगी दहावी होईपर्यंत येथेच राहण्याचा आमचा निश्चय आहे. म्हणून अकरा महिन्यांऐवजी चोवीस महिन्यांचा नोंदणीकृत करार करावा आणि या मुदतीत भाडे 14,000 रुपयेच ठेवावे, अशी आमची विनंती आहे. त्या बदल्यात पहिले अठरा महिने आम्ही घर सोडणार नाही. सोडल्यास दोन महिन्यांचे भाडे, म्हणजे 28,000 रुपये, अनामत रकमेतून वळते करून घेण्यास आमची संमती राहील. कंपनीने बाहेरगावी बदली केल्यास मात्र बदलीचे पत्र दाखवून व दोन महिन्यांची सूचना देऊन एका महिन्याच्या भाड्यावर आम्हाला मोकळे करावे. आपणही त्या अठरा महिन्यांत, भाडे थकल्याखेरीज, घर रिकामे करण्यास सांगू नये.
>
> आपल्या सोसायटीत अलीकडे दोन घरे 14,500 व 15,000 रुपयांना गेली आहेत, याची आम्हाला कल्पना आहे. घर एक महिना रिकामे राहणे, मेंटेनन्स आणि रंगकाम यांचा खर्च लक्षात घेता आमच्या प्रस्तावात आपले नुकसान होणार नाही, असे आम्हाला वाटते. नोंदणीचा संपूर्ण खर्च आम्ही करू. नळ व विजेची किरकोळ दुरुस्ती आम्ही आजवर करत आलो आहोत, ती पुढेही करू.
>
> आपण सांगाल त्या दिवशी भेटायला येऊ. कळावे, लोभ असावा.

या पत्रात शेजारची घरे जास्त भाड्याने गेल्याचे भाडेकरूने स्वतःहून लिहिले आहे. मालकाला ते ठाऊक असतेच. ते लपवले नाही म्हणूनच पुढचे दोन महिन्यांच्या भाड्याचे वाक्य विश्वासार्ह ठरते. ‘परवडत नाही, म्हणून दुसरे घर पाहतो आहोत’ अशी खोटी धमकीही त्यात नाही. मालकाने ‘ठीक, सोडा’ म्हटले, तर तिच्यानंतर बोलण्यासारखे काही उरत नाही.

काका भेटीत दोन गोष्टींवर अडले. पहिली भीती जुनी आहे आणि ती मला जवळजवळ प्रत्येक मालकाकडून ऐकायला मिळते. भाडेकरू अकरा महिन्यांपेक्षा जास्त राहिला तर त्याचा घरावर हक्क लागतो, असे त्यांना वाटते. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो, साठ महिन्यांपर्यंतचा करता येतो आणि मुदत मोठी झाल्याने राहणाऱ्याला कुळाचा हक्क मिळत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर घराचा ताबा द्यावाच लागतो, न दिल्यास ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. खरा धोका आहे तो नोंदणी न करण्यात. कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदवलेला असणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि तसा तो नसेल तर वादात, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूने सांगितलेल्या अटी ग्राह्य धरल्या जातात. अकरा महिन्यांचा करारही यातून सुटत नाही. हे पत्रात लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. पत्रातली कलमे धाकासारखी वाचली जातात. समोर बसून शांतपणे सांगितलेली कलमे आधार देतात.

दुसरी अडचण आमच्या गावची. 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा येतो आहे आणि तेव्हा भाडी चढतील, मग आत्ताच दोन वर्षे हात का बांधून घ्यायचे, असे काकांनी विचारले. पंचवटीत रामकुंडाजवळ घर असणाऱ्याने हा विचार करणे मी समजू शकतो. पाथर्डी फाट्याजवळच्या कुटुंबवस्तीच्या सोसायटीत यात्रेकरूंना थोड्या दिवसांसाठी ठेवणे सोपे नाही, आणि त्यासाठी बारमाही भाडेकरू घालवणे तर त्याहून महाग पडते. तरी त्या जोडप्याने वाद घातला नाही. पहिले अठरा महिने 14,000 आणि शेवटचे सहा महिने 14,500, असे त्यांनी सुचवले. दोन वर्षांत ही सवलत त्यांना फक्त 3,000 रुपयांना पडली आणि काकांचे समाधान झाले. अनामत रक्कम 60,000 करण्याचा पर्यायही निघाला होता, तो मी नको म्हटले. भाडे दर महिन्याला चुकते होत असते, परंतु अनामत शेवटी परत मिळवायची असते, आणि परतीच्या वेळचे तंटे मी फार पाहिले आहेत.

बोलणे पक्के झाल्यावरही पत्राचे काम फुकट जाऊ शकते, ते तयार मसुद्यामुळे. बाजारात फिरणाऱ्या बहुतेक मसुद्यांत ‘कोणत्याही पक्षाने एक महिन्याची सूचना देऊन करार संपवावा’ असे वाक्य छापलेलेच असते. ते तसेच राहिले, तर चोवीस महिन्यांचा करार प्रत्यक्षात एका महिन्याचा असतो. तुमचे भाडे गोठलेले नसते आणि मालकाची हमीही नसते, कारण मालक एक महिन्याची सूचना देऊन नव्या भाड्याची बोलणी पुन्हा सुरू करू शकतो. काही मसुद्यांत लॉक-इन, म्हणजे ठरावीक मुदतीआधी करार न मोडण्याचे बंधन, असते, पण ते फक्त भाडेकरूवर. म्हणून सूचनेचे कलम आणि लॉक-इनचे कलम एकाच वेळी शेजारी ठेवून वाचावे, पहिले अठरा महिने दोघांवर बंधन आणि नंतर दोघांनाही दोन महिन्यांची सूचना, असे स्पष्ट लिहून घ्यावे. ‘नूतनीकरणावेळी दहा टक्के वाढ’ हे वाक्यही जुन्या करारातून नव्यात चालत येते. ते ठेवायचे की काढायचे, हे त्या बैठकीतच ठरवावे.

खर्चाचे म्हणाल तर तो फार नाही. दोन वर्षांचे एकूण भाडे 3,39,000 आणि अनामत रकमेवर वार्षिक दहा टक्क्यांनी दोन वर्षांचे 8,000, अशा 3,47,000 वर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे नऊशेच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 आणि त्यावर ऑनलाइन दस्त हाताळणीचा व करून देणाऱ्याचा आकार. अकरा महिन्यांचे दोन करार केले असते तर नोंदणी फी आणि हा आकार दोनदा भरावा लागला असता. अंगठा देण्याआधी मसुद्याची प्रत दोघांनी हातात घेऊन भाड्याचे दोन टप्पे बरोबर भरले आहेत ना, एवढे मोठ्याने वाचून घ्यावे, कारण नंतरची दुरुस्ती म्हणजे पुन्हा नवा दस्त.