आमची वाटचाल: चकलीचे डबे आणि उघडं पडलेलं आधार

दादरहून परदेशी फराळ पाठवायचा धंदा वडिलांनी सुरू केला. आमची चकली न्यू जर्सीला अख्खी पोचते, कारण डब्यात वर रिकामी जागा राहू देत नाही, बटर पेपर ठासून भरतो. समोरच्या दुकानाला ते अजून जमलेलं नाही. मधली वर्षं बरी गेली, सोडून देतो.

परदेशी पार्सलला पाठवणाऱ्याची केवायसी लागते. ग्राहकांच्या आधारच्या प्रती आमचं बुकिंग सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या कंपनीकडे असायच्या. तिने ते फोल्डर इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडं ठेवलं. ऐन दिवाळीच्या तोंडावर एका ग्राहकाच्या मुलाने ते दाखवलं. आम्ही फोल्डर बंद करायला लावलं आणि सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इन हिला कळवलं. २०२२ पासून कळल्यावर सहा तासांत कळवावं लागतं. कंपनी म्हणे, “तांत्रिक अडचण म्हणा, विषय संपेल.” वकिलाच्या मसुद्यात ‘अनधिकृत प्रवेशाची शक्यता नाकारता येत नाही’ असं वाक्य होतं. आमच्या गिरगावच्या काकू, वडिलांच्या वेळच्या ग्राहक, तो वाचून म्हणाल्या, “अरे, माझं आधार गेलं की नाही, ते सांग!”

मग मी मसुदा बाजूला ठेवला आणि दोन याद्या केल्या. ज्यांचा फक्त फोन आणि पत्ता होता, त्यांना वेगळं पत्र. ज्यांचं आधार होतं, त्यांना हे:

“तुमच्या आधारची प्रत, फोन नंबर आणि पत्ता असलेलं फोल्डर इंटरनेटवर उघडं होतं. ते आता बंद आहे. ते कोणी उघडलं याच्या नोंदी शेवटच्या ९० दिवसांच्याच आहेत. त्यांत बाहेरच्या कोणीतरी फाइली उतरवून घेतल्याचं दिसतं. त्याआधीचं कळायला मार्ग नाही. बँकेची माहिती आमच्याकडे नव्हतीच. एम-आधारमध्ये बायोमेट्रिक लॉक करा. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर पाहा. अनोळखी असेल तर तिथेच तक्रार करा. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आम्ही ओटीपी किंवा पैसे फोनवर मागणार नाही.”

‘पासवर्ड बदला’ हे मुद्दाम लिहिलं नाही, कारण ग्राहकांचे पासवर्ड आमच्याकडे नव्हतेच. सगळे लिहितात म्हणून लिहू नका. आणि मेसेजमध्ये लिंक तर अजिबात देऊ नका. पाठोपाठ भामटे तसाच मेसेज लिंक बदलून पाठवतात, मग लोकांना खरा कुठला ते कळत नाही. बायोमेट्रिक लॉकने अंगठ्याचा गैरवापर थांबतो, कागदी प्रतीचा नाही, म्हणून सिम तपासायला सांगितलं.

समोरच्याने ‘यांच्याकडे आधार चोरीला जातं’ म्हणत गल्लीभर केलं. त्या दिवाळीला बुकिंग निम्म्यावर आलं. काकूंना मात्र ‘तुमचं पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय, पैसे भरा’ असा फोन आला, तेव्हा त्यांनी पत्र आठवून तो कापला आणि मला कळवलं. मी त्याच दिवशी तो प्रकार सगळ्यांना लिहून पाठवला.

सॉफ्टवेअर कंपनीने दिलगिरीचं पत्र अजून दिलेलं नाही. देखभालीचं बिल मात्र दर महिन्याला येत राहिलं, शेवटी आम्हीच करार मोडला.