तुम्ही विचारलंत म्हणून: एका पुडीत स्टीव्हिया असतं तरी किती?

"मला डायबेटिस आहे. स्टीव्हिया झाडापासूनच येतं ना, मग कितीही घातलं तरी चालेल?"

स्टीव्हिया चालतं. पण तुमच्या पुडीत ते किती आहे आणि बाकीचं काय आहे, हे आधी बघा. मी बघितलं नव्हतं. मला टाइप 2 होऊन बरीच वर्षं झाली आहेत, इन्सुलिन नाही, गोळ्यांवर आहे. एका दुपारी पाहुण्यांसाठी एक मोठा जग भरून लिंबूपाणी केलं, त्यात स्टीव्हियाच्या 8 पुड्या घातल्या, आणि पाहुणे आलेच नाहीत म्हणून तासाभरात ते जवळजवळ सगळं मीच संपवलं. आधी शुगर 128 होती, नंतर 156. एका आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, घरच्या मशीनमध्ये 15 टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. म्हणून तोच प्रयोग आणखी दोन दुपारी केला, दोन्ही वेळा आकडा वरच गेला. मग पुड्यांऐवजी शुद्ध अर्काचे थेंब घालून बघितलं, तर शुगर होती तिथेच राहिली.

तेव्हा कुठे पुडी उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचला. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि त्यात पहिलं नाव होतं डेक्स्ट्रोज. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. स्टीव्हिया दुसऱ्या क्रमांकावर.

यात फसवणूक आहे असंही नाही. स्टीव्हियाचा शुद्ध अर्क साखरेच्या 200 ते 300 पट गोड असतो. दोन चमचे साखरेची, म्हणजे साधारण 8 ग्रॅमची गोडी हवी असेल, तर 30-40 मिलीग्रॅम अर्क पुरतो. तो चिमटीतही धड येत नाही, मग पुडी भरायची कशाने? एक ग्रॅमच्या पुडीत उरलेला जवळजवळ सगळा भाग भर घालण्यासाठी असतो: डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा एरिथ्रिटॉल. माल्टोडेक्स्ट्रिन पिठूळ पदार्थांपासून करतात, जिभेला फारसं गोड लागत नाही, पण रक्तातली साखर जवळपास ग्लुकोजच्याच वेगाने चढवतं. एका पुडीत जेमतेम 4 कॅलरी. अमेरिकेत एका वेळच्या मापात 5 पेक्षा कमी कॅलरी असतील तर 'शून्य कॅलरी' छापता येतं. एका पुडीपुरतं ते खरंही आहे. माझ्या 8 पुड्यांचं मात्र साडेसात ग्रॅम ग्लुकोज झालं. साखरेइतक्याच मापाने घालायची पावडर असते ना, तिच्यात तर ही भर चमच्याचमच्याने पोटात जाते.

अर्काची म्हणून जी मर्यादा आहे, ती गाठणं त्या मानाने अवघड. ती वजनावर ठरते, आणि 60 किलोच्या माणसासाठी रेबॉडिओसाइड-ए या शुद्ध अर्काची रोजची मर्यादा साधारण 700 मिलीग्रॅम येते. म्हणजे वीसेक पुड्या. ही मर्यादा 95 टक्के किंवा त्याहून शुद्ध अर्कासाठी आहे. घरी वाळवलेल्या पानांच्या भुकटीला ती लावू नका.

एरिथ्रिटॉलची भर असेल तर साखर चढत नाही, ते बहुतांश लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. 2023 मध्ये रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात जास्त आढळल्याचा अभ्यास आला. त्याने कारण सिद्ध होत नाही, पण हृदयाचा त्रास असलेल्यांना मी तरी थेंबच घ्या म्हणते. मंक फ्रूटलाही हीच तपासणी: अर्क ठीक, भर वाचा. 'शुगर-फ्री' गोड पदार्थांत माल्टिटॉल दिसलं तर सावध, ते साखरेपेक्षा कमी असलं तरी शुगर चढवतंच.

मध आणि अगाव्ह सिरप यांना मात्र या रांगेत उभंच करू नका. दोन्ही साखरच. अगाव्हमध्ये बहुतांश फ्रुक्टोज असतं, म्हणून जेवणानंतरचा आकडा बरा दिसतो आणि भार यकृतावर पडतो. ज्येष्ठमधाची गोष्ट वेगळी. त्याने शुगर वाढत नाही, पण रोज घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. डायबेटिसबरोबर बीपीच्या गोळ्या चालू असलेले कितीतरी जण असतात, त्यांनी ते गोडीसाठी वापरू नये.

एक गोष्ट मला कुणी विचारत नाही, तरी सांगते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील आणि शुगर 70 च्या खाली जाऊन घाम फुटला, हात थरथरू लागले, तर स्टीव्हिया घातलेलं सरबत काही कामाचं नाही. तेव्हा 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साधी साखर पाण्यात घालून प्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा शुगर बघायची आणि कमीच असेल तर तेवढंच पुन्हा घ्यायचं. घरात साखरेचा डबाच ठेवत नसाल, तर ग्लुकोजची पावडर तरी हाताशी असू द्या, आणि ती कुठे आहे हे घरातल्यांना दाखवून ठेवा.