उशीवरचा कॅमेरा

मुलांच्या खोलीचं रेंडर, म्हणजे खोली बनण्याआधीचं तिचं संगणकावरचं हुबेहूब चित्र, करायला बसलो की मी सगळ्यात आधी गादी फुगवतो. चांगली वीस सेंटिमीटर जाड, कडांना गुबगुबीत, वर जरा चुरगळलेलं पांघरूण. मग कॅमेरा दाराबाहेर नेतो, मधली भिंत तात्पुरती गायब करतो आणि रुंद लेन्स लावतो. तीन मीटरची खोली एकदम ऐसपैस होते. ही लबाडी या धंद्यात सगळेच करतात, त्यामुळे तिला कोणी लबाडी म्हणत नाही.

परवाची खोली दोन भावांची होती, एक नऊ वर्षांचा आणि एक पाच. भिंतीला लागून दुमजली पलंग, खिडकीपाशी अभ्यासाचं टेबल, आणि आईची अट अशी की रंग ‘हसरे पण शांत’ हवेत. अट ऐकायला सोपी आहे. मी आधी चारही भिंती पिवळ्या केल्या, तर उजेड भिंतींवर आपटून छतावर आणि पांघरुणावर पसरला आणि खोलीला कावीळ झाल्यासारखी दिसायला लागली. शेवटी पलंगामागची एकच भिंत फिकट, किंचित राखाडी झाक असलेली हिरवी ठेवली, आणि पिवळा नेला तो थेट ड्रॉवरच्या मुठींवर. तळहाताएवढा पिवळा रंग खोली हसरी करायला पुरतो.

चित्र छान झालं होतं. पाठवायच्या आधी, का कोण जाणे, मी कॅमेरा उचलून वरच्या पलंगावर, उशीपाशी नेऊन ठेवला. चित्र बघणारा माणूस तिथं कधीच जात नाही. थोरला मात्र रोज रात्री तिथंच असणार होता.

पहिली गोष्ट दिसली ती कठड्याची. पलंगाच्या फळ्यांपासून तो तीस सेंटिमीटर उंच होता. खालून बघताना भक्कम वाटायचा, पण माझ्या लाडक्या गादीनं त्यातले वीस गिळले होते. उरले दहा. युरोपीय मानक म्हणतं, गादीच्या वर कठडा निदान सोळा सेंटिमीटर हवा. म्हणजे कठडा होता खरा, पण झोपेत कुशीवर वळणाऱ्या मुलाला अडवण्याइतका नव्हता. बऱ्याच दुमजली पलंगांवर गादीची कमाल जाडी दाखवणारी खूण असते, ती याचसाठी. लोक पलंग घेतात आणि मग मऊ हवी म्हणून जाड गादी वेगळी आणतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पंखा. तो रेंडरमध्ये नव्हताच, कारण छताच्या पंख्यानं चित्राची शोभा जाते म्हणून आम्ही तो काढून टाकतो. मी तो परत लावला. छत २७० सेंटिमीटरवर, पाती त्याच्या तीस खाली, म्हणजे २४० वर. वरच्या फळ्या दीडशेवर, गादीसकट १७०. नऊ वर्षांचं पोर मांडी घालून बसलं की डोकं सत्तरेक सेंटिमीटर वर जातं. झाले २४०! आडव्या अंतरातही सुटका नव्हती. पंखा खोलीच्या मधोमध, पात्याचं टोक भिंतीपासून नव्वदवर, आणि पलंगाची रुंदीही नव्वदच. पोरानं कठड्यावरून नुसता हात बाहेर काढला असता तरी पुरे होतं.

गादी बारा सेंटिमीटरची केली, तेव्हा कठडा अठरा उरला. पंखा भिंतीवर गेला. चित्रातला गुबगुबीतपणा गेला, पण इलाज नव्हता.

गोल कोपऱ्यांनी मात्र सुताराकडे माझी फजिती केली. सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा टाकला की टेबलाची प्रत्येक कड गोटीसारखी गुळगुळीत होते आणि लाकडाच्या रेषाही बिनतक्रार वळून खाली उतरतात. सुतारानं चित्राकडे पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, लॅमिनेट म्हणजे पोळी नव्हे.” खरंच होतं. तो पत्रा एका दिशेनं वाकवता येतो, पण कोपऱ्याशी त्यानं आडवंही वळायचं आणि खालीही उतरायचं म्हटलं की तो तडकतो किंवा सुटून येतो. मग टेबलाचे चार कोपरे वरून बघताना गोल कापले आणि कडेला भरीव लाकडाची पट्टी लावून ती घासून मऊ केली. पट्टीचा रंग वरच्या पत्र्याशी जुळत नाही. पण पाच वर्षांचं पोर धावताना अडखळलं की कपाळ त्या कडेवर आपटू शकतं, तेव्हा रंगापेक्षा ती पट्टीच मला बरी वाटते.

सुधारलेली चित्रं दाखवायला गेलो. आईला दारातून दिसणारं आवडलं. धाकटा खालच्या पलंगाकडे बोट दाखवून “माझा, माझा” करत होता. वर चढायला अजून किमान वर्षभर तरी थांबायचंय, हे त्याला पटलेलं नव्हतंच. थोरल्यानं मात्र उशीवरून काढलेलं चित्र बराच वेळ धरून ठेवलं.

“काका, आणि दिवा बंद करायला मी परत खाली उतरायचं का?”

मी चित्रात बघितलं. बटण दारापाशी होतं.